सव्वाआठचा तास

जूनच्या पहिल्या रविवारी मिस्सा संपत आली की फादर आठवड्याच्या सूचना वाचतात. कुणाच्या लग्नाची घोषणा, कुणाच्या मृतात्म्यासाठी प्रार्थना, गटाची सभा आणि शेवटी धर्मशिक्षण वर्गाची सूचना. त्यानंतर चर्चच्या दाराशी असलेल्या फलकावर एक कागद लागतो. वसईतल्या एका धर्मग्रामात मी एकोणीस वर्षं धर्मशिक्षिका आहे आणि गेली काही वर्षं हा कागद मीच लिहिते. त्यात चार भाग असतात: अभ्यासक्रम, वेळ, फी आणि शिक्षकांकडून पालकांनी काय अपेक्षा ठेवावी. पालक मोबाइल काढून फोटो घेतात आणि घरी जाऊन दोनच गोष्टी शोधतात, वर्ग कधी सुरू होणार आणि पैसे किती भरायचे. चौथा भाग सर्वांत लांब असतो आणि तोच वाचायचा राहून जातो. या लेखात तो कागद मी पूर्ण उलगडून सांगणार आहे. जे वाचक ख्रिस्ती नाहीत त्यांनाही शेजारच्या घरातलं मूल रविवारी सकाळी वही घेऊन कुठे जातं ते यातून कळेल.

कॅथलिक चर्चमध्ये हा वर्ग पुजाऱ्याच्या मर्जीने चालत नाही, त्याला नियमाचा आधार आहे. पोप दहावे पायस यांनी 1905 साली जगभरच्या धर्मग्रामांना आदेश दिला की मुलामुलींना दर रविवारी आणि सणाच्या दिवशी तासभर धर्मशिक्षण द्यावं. आपल्या मुलखात मात्र ही रीत त्याहून जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. त्याच्या आरंभीचा प्रसंगच असा आहे की साष्टीत एका रविवारी दुपारी मुलांना धर्मतत्त्वं शिकवली जात आहेत आणि एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून पाद्रींना विचारतो, आमची जुनी पुराणं आता सुटली, मग आम्ही वाचायचं काय? मराठीतला तो मोठा ग्रंथ रविवारच्या वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून उभा राहिला. शिकवायला जाताना मला हे नेहमी आठवतं, कारण वर्गातले चांगले प्रश्न आजही असेच अचानक येतात.

वर्ग शाळेत का नाही, चर्चमध्येच का, असंही पालक विचारतात. आमची मुलं पाच-सहा वेगवेगळ्या शाळांत जातात. त्यातल्या काही सरकारी आहेत, काही संस्थांच्या. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते असलं तरी पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. राज्यघटनेच्या 28व्या कलमात हे आहे. म्हणून हे काम धर्मग्रामाचं आणि घराचं.

आता अभ्यासक्रम. तो इयत्तेप्रमाणे आखलेला असतो आणि वेगवेगळ्या धर्मप्रांतांत थोडाफार बदलतो. आमच्याकडे पहिली-दुसरीत क्रुसाची खूण, रोजच्या प्रार्थना, सृष्टीची गोष्ट, येशूच्या जन्माची गोष्ट एवढंच असतं. पाचवी ते सातवीत जुन्या करारातले अब्राहाम, मोशे, दावीद, मग येशूचं जीवन, सात संस्कार आणि संतांची चरित्रं येतात. वसईच्या मुलांना संत गोन्सालो गार्सियांचा धडा आवडतो, कारण ते इथेच जन्मले आणि 1597 साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मरण पावले. आपल्या गावचा माणूस एवढ्या लांब कसा पोहोचला, हे त्यांना नकाशावर बघायचं असतं. आठवीच्या पुढे सदसद्विवेक, चर्चचा इतिहास आणि दृढीकरण संस्काराची तयारी असते.

पण सगळ्यांचं लक्ष असतं ते तिसरी-चौथीकडे, कारण प्रथम कम्युनियनची तयारी तेव्हा होते. मूल पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतं तो हा संस्कार. पूर्वी त्यासाठी मुलांना दहा-बारा वर्षांचं, काही ठिकाणी त्याहूनही मोठं होईपर्यंत थांबावं लागे. त्याच पोप पायस यांनी 1910 साली हे वय खाली आणलं. मुलाला चांगलं-वाईट कळू लागलं, साधारण सात वर्षं झाली आणि साधी भाकर व ख्रिस्तप्रसाद यांतला फरक त्याला उमगला, की ते तयार आहे असं त्यांनी ठरवलं. म्हणजे या वर्षी मुलाकडून जे हवं आहे ते फार मोठं पांडित्य नाही. त्याला फरक कळायला हवा. पालकांना मात्र वाटतं की प्रार्थना तोंडपाठ झाल्या म्हणजे तयारी झाली.

एका वर्षीचा मुलगा मला विसरता येत नाही. इंग्रजी माध्यमात शिकणारा, हुशार, प्रभूची प्रार्थना एका दमात म्हणून दाखवणारा. त्या प्रार्थनेत मोहात पडण्यापासून वाचवण्याची विनवणी आहे. मी सहज विचारलं, ‘‘बाळा, मोह म्हणजे काय?’’ तो म्हणाला, ‘‘टीचर, मोठा खड्डा.’’ पडण्याची गोष्ट चालली आहे, तर पडायला खड्डाच लागणार, असा त्याने अगदी बरोबर तर्क केला होता. घरी तो आजीशी कादोडी बोलायचा, शाळेत इंग्रजी, आणि प्रमाण मराठी त्याच्या कानावर फक्त चर्चमध्ये पडत होती. दोन वर्षं तो रोज रात्री एका खड्ड्यापासून वाचवण्याची प्रार्थना करत होता. मी त्याला विचारलं, वर्गात मित्राच्या कंपासमधला रबर तुला फार आवडतो, तो बाहेर गेला आहे, तेव्हा तुझ्या हाताला काय वाटतं? त्याने हात मागे घेतला आणि म्हणाला, ‘‘कळलं.’’ त्या दिवशी त्याची खरी तयारी सुरू झाली.

म्हणून आमच्या नावनोंदणीच्या अर्जावर ‘माध्यम’ असा एक रकाना असतो आणि तो पालकांनी विचार करून भरावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुष्कळ आई-बाबा मराठी लिहितात, कारण घरची मिस्सा मराठीत होते आणि आजी-आजोबांना ते हवं असतं. भावना खरी आहे. पण मुलाला देवनागरी सलग वाचता येत नसेल तर ते वर्षभर पुस्तक नुसतं पुढे धरून बसतं. याची परीक्षा घरी करता येते. सुबोध बायबल किंवा कुठलंही मराठी पुस्तक उघडून त्याला पाच ओळी वाचायला द्या आणि मग पुस्तक मिटून, काय वाचलंस ते तुझ्या शब्दांत सांग, म्हणा. ते कादोडीत सांगो वा इंग्रजीत, अर्थ आला तर मराठी वर्ग चालेल. अक्षरं लावण्यातच दम गेला तर त्याला इंग्रजी वर्गात घाला आणि मराठी प्रार्थना घरी तुमच्या तोंडून शिकू द्या. त्यात कमीपणा काही नाही.

वेळेबद्दल. आमच्याकडे सातची मिस्सा असते आणि सव्वाआठ ते नऊ वाजून पाच मिनिटं वर्ग. मिस्सेला यायचं आणि मग वर्गाला, असा तो क्रम आहे. वर्गाच्या वेळी मुलाला गेटवर सोडून जाणारे पालक मिस्सा हा वर्गाचा अर्धा भाग आहे हे विसरतात. तिथे वेदीवर जे घडतं तेच आम्ही नंतर फळ्यावर समजावतो. आधी पाहिलेलंच नसेल तर समजावणार काय?

पन्नास मिनिटं म्हणजे किती, याचा हिशेब एकदा मांडून पाहा. जूनच्या दुसऱ्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साधारण चाळीस रविवार येतात. त्यातून मुसळधार पावसाचे दोन, सहामाही परीक्षेचा एक, दिवाळीचे तीन, नाताळ आणि नववर्षाचे दोन, चर्चच्या सणाचा एक, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा एक आणि आमची परीक्षा व बक्षीस समारंभाचे दोन काढा. बारा गेले, उरले अठ्ठावीस. अठ्ठावीस वेळा पन्नास मिनिटं म्हणजे तेवीस तास आणि वीस मिनिटं. शाळेचा दिवस पाच तासांचा धरला तर वर्षभराचं आमचं शिकवणं शाळेच्या पाच दिवसांतही सहज मावतं. त्यात हजेरी, चप्पल हरवणं, पाणी प्यायला जाणं हेही आहे. एखादं मूल फुटबॉलच्या सरावासाठी, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या तयारीसाठी, मामाकडच्या कार्यक्रमासाठी असे दहा रविवार आलं नाही, तर त्याच्या वाट्याला पंधरा तास येतात. एवढ्यात दहा आज्ञा, मिस्सेचे भाग आणि पापनिवेदनाच्या पायऱ्या बसवायच्या असतात.

हजेरीचा नियम म्हणून कडक असतो आणि तो शिक्षा म्हणून नसतो. मूल आजारी असेल, आई-बाबांची पाळी रविवारी असेल, घरात कुणी गेलं असेल, तर येऊन सांगा. आम्ही चुकलेला धडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीस मिनिटांत घेतो. रजिस्टरमध्ये जो नमुना आम्हाला काळजीत टाकतो तो वेगळाच आहे. पहिली-दुसरीत नाव नाही, तिसरीत येतं, कम्युनियन होते, पाचवी ते सातवी नाव नाही, आणि दृढीकरणाच्या वर्षी मूल परत हजर. तिसरीत पेरलेलं तीन वर्षं कुणी पाहिलंच नाही तर आठवीत आम्हाला पुन्हा क्रुसाच्या खुणेपासून सुरुवात करावी लागते. तेरा वर्षांच्या मुलाला त्याची लाज वाटते आणि मग ते मागच्या बाकावर जाऊन बसतं. ती लाज त्याची नाही, पण भोगतं तेच.

फीबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण गैरसमज इथेच होतात. ही फी संस्काराची नसते. चर्चच्या कायद्यात स्पष्ट आहे की धर्मप्रांताने ठरवलेल्या दानापलीकडे संस्कारासाठी काहीही मागू नये आणि गरिबीमुळे कुणी संस्कारापासून वंचित राहणार नाही याची काळजी घ्यावी. वर्गाची फी ही पुस्तक, कागद आणि चहा-बिस्किटाची. उदाहरणादाखल एक हिशेब मांडते. समजा 180 मुलं आहेत आणि वर्षाला 200 रुपये फी आहे. जमा होतात 36,000. त्यातून पुस्तकं, एक 80 रुपयांना धरली तर, 14,400. प्रश्नपत्रिका आणि झेरॉक्स 5,400. बक्षिसं 6,000. एक दिवसाचं शिबिर आणि त्यातलं जेवण 7,200. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रवास 3,000. झाले 36,000. शिक्षकांच्या मानधनाचा रकाना यात नाही, कारण आम्ही विनामोबदला शिकवतो. असा हिशेब वर्षाच्या शेवटी फलकावर लागायला हवा आणि तो लागला नाही तर पालकांनी जरूर विचारावा. विचारणं म्हणजे संशय घेणं नाही.

ज्या घराला दोनशे रुपयेही जड आहेत, किंवा तीन मुलं एकदम वर्गात आहेत, त्यांनी फादरना किंवा वर्गप्रमुखांना एकट्यात सांगावं. एवढं पुरतं. कुठलाही दाखला लागत नाही. शिक्षकाने मुलांसमोर फीची आठवण करायची नाही, ना यादी वाचून, ना चिठ्ठी हातात देऊन. असं कुठे झालं तर ती शिक्षकाची चूक आहे आणि ती वर कळवली पाहिजे.

खरा खर्च फीत नसतोच, तो कम्युनियनच्या दिवशी असतो. पांढरा झगा, मुलग्याचा सूट, मेणबत्ती, फोटोग्राफर, हॉल, जेवणावळ. मी अशी घरं पाहिली आहेत ज्यांनी त्या एका दिवसासाठी सोसायटीतून कर्ज काढलं. चर्चने यातलं काहीही मागितलेलं नसतं. काही धर्मग्रामांत सर्व मुलांना एकसारखा साधा पांढरा झगा देतात आणि तो पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलांना जातो. ही पद्धत मला फार योग्य वाटते. वेदीसमोर उभ्या असलेल्या तीस मुलांत कुणाच्या बापाची ऐपत किती, हे त्या सकाळी कुणालाही दिसू नये.

आता चौथा भाग. शिक्षकांकडून काय अपेक्षा ठेवायची?

आम्ही कोण आहोत ते आधी सांगते. कुणी दिवसा शाळेत शिकवते, कुणी बँकेत आहे, कुणी गृहिणी, दोन-तीन कॉलेजची मुलं-मुली, आणि एक सिस्टर. आमच्यापैकी कुणीही धर्मशास्त्राची पदवी घेतलेली नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली धर्मशिक्षकाच्या कामाला चर्चमधली अधिकृत सेवा म्हणून मान्यता दिली. ती सेवा रीतसर स्वीकारणं वेगळं आणि रविवारी येऊन वर्ग घेणं वेगळं, पण त्यामुळे आमच्याकडून तयारीची अपेक्षा वाढली हे खरं. शिक्षक धडा वाचून, गोष्ट मनात लावून, चित्र किंवा एखादी वस्तू हातात घेऊन आला आहे का, हे पालकांना वर्गात न बसताही कळतं. घरी परतलेल्या मुलाला ‘काय शिकवलं?’ असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. ‘टीचरने आज कोणती गोष्ट सांगितली?’ असं विचारा. सलग चार रविवार एकही गोष्ट आठवत नसेल तर शिक्षकाला भेटा. कदाचित शिक्षक नुसतं पुस्तक वाचून दाखवत असेल. ते सुधारता येतं, पण कुणी सांगितलं तरच.

शिक्षकाला सगळं येत नाही. मृत्यूनंतर आमच्या कुत्र्याचं काय होतं, देवाने आजीला बरं का केलं नाही, असे प्रश्न येतात. चांगला शिक्षक म्हणतो, ‘‘मला माहीत नाही, मी फादरना विचारून पुढच्या रविवारी सांगते,’’ आणि पुढच्या रविवारी खरंच सांगतो. उत्तर न देता मुलाला गप्प बसवणारा शिक्षक नको.

सप्टेंबरच्या आसपास दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो. ‘‘टीचर, मी मैत्रिणीकडे गणपतीला गेले तर पाप लागेल का?’’ वसईत आम्ही सगळे एकमेकांच्या अंगणात वाढलो आहोत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली जाहीर केलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. तेव्हा वर्गात दुसऱ्या धर्माबद्दल एकही वाकडा शब्द निघता कामा नये, ही अपेक्षा पालकांनी ठेवलीच पाहिजे. मी त्या मुलीला सांगितलं, मैत्रिणीकडे जा, तिच्या आई-बाबांना नमस्कार कर, आदराने बस. तिथे काय करायचं नि काय नाही, ते घरी आईला विचार. आपली श्रद्धा कुठली हे तिला स्पष्ट ठाऊक असायला हवं आणि शेजाऱ्याची श्रद्धाही तिने मानाने बघायला हवी. मी वर्गात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकवते.

शारीरिक शिक्षा पूर्ण बंद आहे. कान पिळणं, गुडघ्यावर बसवणं, बाहेर उभं करणं, सगळं. पूर्वी हे चालायचं. माझ्या लहानपणी एका धर्मशिक्षकाने प्रार्थना चुकली म्हणून मला सगळ्यांसमोर बाकावर उभं केलं होतं. ती प्रार्थना मला आजही त्या ओळीपाशी अडखळल्यासारखी होते. इतकी वर्षं शिकवल्यावरही. आपल्या मुलाला अपमान झाल्यासारखं वाटलं तर त्याच आठवड्यात येऊन सांगा. वर्ष संपायची वाट पाहू नका.

सुरक्षिततेबद्दल मी अजिबात आडपडदा ठेवत नाही. एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस बंद खोलीत कधीही असता कामा नये, मग तो शिक्षक असो, सिस्टर असो वा फादर. वर्गाचं दार उघडं असतं. सहलीला किंवा शिबिराला किमान दोन मोठी माणसं हवीतच, आणि मुली असतील तर त्यात स्त्री हवी. शिक्षकाने मुलाच्या मोबाइलवर खासगी निरोप पाठवायचे नाहीत. जे कळवायचं ते पालकांच्या ग्रुपवर. मुलाला वेगळं बोलावून भेटी देणं, घरी सोडायला एकट्याने नेणं, ‘हे घरी सांगू नकोस’ असं म्हणणं, यातलं काहीही कानावर आलं तर तो इशारा समजा. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता कळली तर कुणालाही पोलिसांना कळवावंच लागतं. चर्चच्या समितीला सांगितलं म्हणजे कर्तव्य संपलं असं होत नाही. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आम्ही वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला आहे, आणि पहिल्याच दिवशी तो मुलांकडून वाचून घेतो.

पापनिवेदनाची एक गोष्ट सांगते, कारण त्यात पालकांची आणि शिक्षकांची सीमा नीट दिसते. प्रथम कम्युनियनच्या आधी मूल पहिल्यांदा फादरजवळ जाऊन आपल्या चुका सांगतं. विसरू नये म्हणून मुलं चिठ्ठी लिहितात. एका मुलीने सुरेख अक्षरात चिठ्ठी लिहिली, चार घड्या घातल्या आणि माझ्यासमोर धरली, ‘‘टीचर, बरोबर आहे का बघा.’’ अभ्यासाची वही दाखवावी तशी. मी ती उघडली नाही. तिला म्हटलं, हे तुझ्यात आणि देवात आहे, फादरसुद्धा कुणाला कधीच सांगू शकत नाहीत, मग मी कशी वाचू? बाहेर आल्यावर तिने त्या चिठ्ठीचे बारीक तुकडे केले आणि ते कुठे टाकायचे म्हणून मूठ धरून उभी राहिली. मी माझी ओंजळ पुढे केली. जो शिक्षक मुलांना पापं वहीवर लिहायला लावून तपासतो, त्याला हा संस्कार कळलेला नाही. त्याचप्रमाणे, ‘फादरना काय सांगितलंस?’ असं आईनेही घरी विचारू नये. पापनिवेदन कुठे होतं हे मात्र पालकांनी जरूर पाहावं. सर्वांना दिसेल अशा जागी, चर्चमध्ये किंवा उघड्या वऱ्हांड्यात, ऐकू येणार नाही पण दिसेल असं. तसं नसेल तर फादरना सरळ बोला.

आणि आम्ही काय करू शकत नाही? आम्ही घराची जागा घेऊ शकत नाही. चर्चचा कायदा आई-बापांनाच मुलाचे पहिले धर्मशिक्षक मानतो, शब्दाने आणि वागण्याने. आमचा तेवीस तास वीस मिनिटांचा हिशेब वर मांडलाच आहे. घरी रोज रात्री दहा मिनिटं सगळे मिळून प्रार्थनेला बसले तर वर्षाला साठ तास होतात. मुलाला मोह म्हणजे खड्डा नव्हे, हे कळायला वर्गाच्या आधी ते दहा मिनिटं पुरली असती. घरात कुणाला प्रार्थना येत नसतील, कुणाचा नवरा किंवा बायको दुसऱ्या धर्माची असेल, कुणी एकटी आई असेल, तर संकोच न करता सांगा. मूल बहिरं असेल, हळू शिकत असेल, गर्दीत घाबरत असेल, तर अर्जावर लिहा, म्हणजे आम्ही त्याला पुढे बसवू, एक शिक्षक जास्तीचा ठेवू, परीक्षा तोंडी घेऊ. अशा मुलांची कम्युनियन पाठांतरावर अडत नाही. ख्रिस्तप्रसाद ओळखता आला आणि आदराने घेता आला तर पुरतं.

वर्ग जूनच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतो. त्याच दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी चर्चच्या सभागृहात पालकांची सभा आहे. ती अर्ध्या तासात संपते, पुस्तकं तिथेच मिळतात आणि प्रत्येक शिक्षक उभा राहून आपलं नाव आणि इयत्ता सांगतो. आई किंवा बाबा, एकाने तरी या, आणि आपल्या मुलाच्या शिक्षकाला भेटून, वर जे लिहिलं आहे त्यातलं तुम्हाला हवं ते विचारा.